'सेड'च्या पुढे 'इज' की 'वॉज'? रिपोर्टच्या इंग्रजीत परत परत येणारी अडचण

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतून परदेशी गिऱ्हाइकांना जाणारे रिपोर्ट मी तपासून देते. लिहिणारी मंडळी इंजिनिअर आहेत. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, स्पेलिंग चुकत नाही, फोनवर ती न अडखळता बोलतात. तरी एका ठिकाणी जवळपास सगळेच अडकतात, आणि एकदा दुरुस्त करून दिलं तरी पुढच्या रिपोर्टात तीच चूक पुन्हा दिसते. प्रधानवाक्यातलं क्रियापद भूतकाळी असताना गौणवाक्याचा काळ कोणता ठेवायचा, ही ती अडचण. 'द ऑपरेटर सेड दॅट', 'वी फाउंड दॅट', 'द सप्लायर टोल्ड अस दॅट' इथपर्यंत सगळं ठीक असतं. गडबड 'दॅट'च्या पुढे होते.

शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्टचा तक्ता सगळ्यांनी पाठ केलेला असतो: इजचं वॉज, विलचं वुड, हॅजचं हॅड. परीक्षेत तो तक्ता चालतो, कारण तिथं अवतरणचिन्हातलं वाक्य समोर छापलेलं असतं आणि ते फक्त बदलायचं असतं. रिपोर्ट लिहिताना समोर इंग्रजी वाक्य नसतं. समोर असतं ऑपरेटर मराठीत काय बोलला ते. तक्ता तिथं कुठून लावायचा हेच कळत नाही, म्हणून काहीजण तो अजिबात लावत नाहीत आणि काहीजण दोनदा लावतात. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे.

लक्षण कसं दिसतं

नमुना म्हणून फाउंड्रीतला एक एट-डी रिपोर्ट घेऊ, म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीचं मूळ आणि त्यावरचा उपाय सांगणारा रिपोर्ट. गिऱ्हाइकाकडे गेलेल्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल सापडले. कास्टिंगचा पोकळ भाग घडवायला साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. त्या कोअरवर पाण्यात कालवलेलं कोटिंग लावतात आणि मग कोअर ओव्हनमध्ये वाळवतात. ओव्हनचं तापमान १५० अंशांवर लावलेलं होतं, थर्मोकपल नावाच्या सेन्सरवरून पॅनेलवर १५०च दिसत होतं, पण हातातल्या मीटरनं मोजलं तर आत १२०च भरलं. थर्मोकपल चुकीचं रीडिंग देत होतं. कोटिंग ओलं राहिलं, धातू ओतल्यावर त्या ओलीची वाफ झाली, आणि तिनं कास्टिंगमध्ये पोकळ्या केल्या. तांत्रिक तपास चोख झाला होता. २० मार्चला गेलेल्या रिपोर्टात तो असा उतरला:

'ऑन १२ मार्च द ऑपरेटर टोल्ड अस दॅट द ओव्हन इज टेकिंग लाँगर टु ड्राय द कोअर्स. वी फाउंड दॅट द थर्मोकपल इज गिव्हिंग अ राँग रीडिंग. द सुपरवायझर सेड दॅट ही विल रिप्लेस इट. वी हॅड चेक्ड ऑल द कोअर्स ऑन १३ मार्च.'

आपल्याला यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. पण इंग्रजी वाचणारा माणूस दुसऱ्या वाक्यावर थांबतो. 'फाउंड' झालं १२ तारखेला आणि 'इज गिव्हिंग' आज, २० तारखेला? म्हणजे आठ दिवस झाले तरी ते थर्मोकपल तसंच आहे? तिसऱ्या वाक्यानं त्याची शंका पक्की होते, कारण 'विल रिप्लेस' म्हणजे बदलायचं काम अजून व्हायचंय. उत्तरात तो विचारतो की १२ मार्चनंतर ओतलेली सगळी कास्टिंग संशयित धरायची का, आणि लाइन अजून चालू कशी ठेवलीत. वास्तविक थर्मोकपल १४ तारखेलाच बदललेलं असतं. कारखान्यानं काम वेळेत केलं, पण वाक्यांनी केलं नाही असं सांगितलं.

ही चूक ओळखायची खूण यातच आहे. जी गोष्ट आपण मिटवली तिच्याबद्दल गिऱ्हाईक 'स्टिल' हा शब्द घालून प्रश्न विचारू लागलं, तर आधी 'दॅट'च्या पुढचे काळ तपासावेत.

मूळ कुठं आहे

ऑपरेटर त्या दिवशी म्हणाला होता, 'मॅडम, कोअर वाळायला लई वेळ लागायलाय.' घरी कुणाला हे सांगायचं तर आपण म्हणू, 'ऑपरेटर म्हणाला की कोअर वाळायला वेळ लागतोय.' 'म्हणाला' भूतकाळी, 'लागतोय' वर्तमानकाळी, आणि हे मराठी अगदी शुद्ध आहे. मराठीत 'की'च्या पुढचा काळ बोलणाऱ्याच्या त्या वेळेपासून मोजतात. ऑपरेटर १२ तारखेला जिथं उभा होता तिथं आपणही जाऊन उभे राहतो आणि त्याच्या डोळ्यांनी बघतो. म्हणून तर 'तो म्हणाला की मी बघतो' यातला 'मी'सुद्धा आपण बदलत नाही.

इंग्रजीत गौणवाक्याचा काळ सांगणारा आज जिथं उभा आहे तिथून मोजतात. २० तारखेच्या खुर्चीतून बघितलं तर १२ तारखेचं बोलणंही मागे आहे आणि तेव्हा चालू असलेली गोष्टही मागेच आहे. म्हणून दोन्हींना भूतकाळ लागतो: 'टोल्ड अस दॅट द ओव्हन वॉज टेकिंग लाँगर'.

इथवर बहुतेकांना पटतं, पण हाताला सवय लागत नाही. त्याचं कारण मराठीतल्या 'होतं'मध्ये आहे. 'ऑपरेटर म्हणाला की ओव्हन गार होता' असं मराठीत म्हटलं तर ओव्हन बोलण्याच्या आधी गार होता असाच अर्थ होतो, बोलताना गार होता असा नाही. आपला कान 'वॉज'ला थेट 'होता'शी जोडतो. मग 'द ऑपरेटर सेड दॅट द ओव्हन वॉज कोल्ड' हे वाक्य त्याला आधीच्या वेळेचं वाटतं, आणि चालू गोष्ट सांगायची म्हणून हात आपोआप 'इज' लिहितो. अभ्यासू माणसाकडून ही चूक जास्त होते, कारण तो अर्थ नीट पोचवायला धडपडत असतो. इंग्रजीत मात्र 'सेड'च्या पोटातल्या 'वॉज'चा पहिला अर्थ 'त्याच वेळी' असा असतो. 'वॉज' म्हणजे इथं मराठीतलं 'आहे'.

शोधायची आणि दुरुस्त करायची रीत

आता उपयोगाचं बोलू. मराठीनं आपलं अर्धं काम आधीच केलेलं असतं. 'की'च्या पुढच्या मराठी क्रियापदात ती गोष्ट बोलण्याच्या वेळी चालू होती, संपली होती की व्हायची होती, हे साफ दिसतं. इंग्रजीत हेच नातं ठेवून काळ फक्त एक पायरी मागे सरकवायचा.

म्हणजे असं. संशयित वाक्य मनात मराठीत, 'की' घालून म्हणावं. 'आम्हाला आढळलं की थर्मोकपल चुकीचं रीडिंग देतंय.' क्रियापद 'देतंय', म्हणजे त्याच वेळी चालू, म्हणून 'वॉज गिव्हिंग'. 'सुपरवायझर म्हणाला की बदलतो.' हा 'बदलतो' दिसायला वर्तमानकाळ, पण अर्थ 'बदलीन' असा, म्हणजे पुढचा, म्हणून 'वुड रिप्लेस'. 'तो म्हणाला की फिल्टर बदललाय.' बोलण्याच्या आधी झालेलं, म्हणून 'हॅड चेंज्ड'. आणि मराठीत 'की'च्या पुढे खरंच 'होतं' आलं, 'तो म्हणाला की आदल्या दिवशी कोअर ओले होते', तर आणि तरच 'हॅड बीन डॅम्प'.

एक सांभाळायचं. मराठीत आपण 'की' टाळून 'तर'ही वापरतो: 'तपासलं तर थर्मोकपल चुकीचं रीडिंग देत होतं.' इथं 'देत होतं' आहे, पण गोष्ट तपासतानाच चालू आहे. 'तर'चं वाक्य 'की'च्या वाक्यासारखं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघत नाही, ते स्वतःच्या जागेवरून सांगतं. म्हणून ही परीक्षा 'तर'च्या वाक्यावर लावू नये. आधी ते 'की'त बदलून घ्यावं.

'वुड'बद्दल थोडं थांबते, कारण त्याला मंडळी फार बिचकतात. 'वुड' ऐकलं की आपल्याला 'बदललं असतं' आठवतं, म्हणजे बदललं नाही असं वाटतं. 'सेड'च्या पोटातल्या 'वुड'मध्ये हा नकार नसतो. ते फक्त तेव्हाचं 'बदलीन' असतं. मात्र पुढे बदललं की नाही हे 'वुड' सांगत नाही, दोन्ही बाजूंनी गप्प राहतं. रिपोर्टमध्ये ही गप्प जागा ठेवून चालत नाही, म्हणून लगेच पुढे तारखेसह साधं वाक्य हवं: 'इट वॉज रिप्लेस्ड ऑन १४ मार्च.' या एका वाक्यानं गिऱ्हाइकाचे निम्मे प्रश्न मिटतात.

'वुड'च्या शेजारी आणखी एक अडचण असते. सुपरवायझर खरं तर म्हणाला होता, 'नवीन आला की बदलतो.' याचं इंग्रजी मला बऱ्याचदा 'सेड दॅट ही वुड रिप्लेस इट व्हेन द न्यू वन वुड अराइव्ह' असं मिळतं. 'व्हेन'च्या पोटात भविष्य सांगायला इंग्रजी साधा वर्तमान वापरतं, 'व्हेन इट अराइव्ह्ज'. तोच एक पायरी मागे गेला की साधा भूतकाळ होतो: 'वुड रिप्लेस इट व्हेन द न्यू वन अराइव्ह्ड'. हा 'अराइव्ह्ड' म्हणजे 'आला' असं घडून गेलेलं नाही. तो 'आला की' मधला 'आला' आहे. मराठीतही आपण न आलेल्या वस्तूला 'आला की' म्हणतोच, तेव्हा इथं आपल्या कानावर विश्वास ठेवायला हरकत नाही. 'इफ', 'अंटिल', 'अ‍ॅज सून अ‍ॅज' यांनाही हेच लागू.

दुरुस्ती जास्त झाली तर

'इज' कापून दिलं की पुढच्या वेळी काहीजण उलट्या बाजूला जातात आणि सगळीकडे 'हॅड' घालतात. मला ही दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त त्रासदायक वाटते, कारण ती वाचायला भारदस्त लागते आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

'वी फाउंड दॅट द कोअर्स वेअर डॅम्प' आणि 'वी फाउंड दॅट द कोअर्स हॅड बीन डॅम्प' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात कोअर हातात घेतले तेव्हा ओले होते. दुसऱ्यात ते आधी केव्हातरी ओले होते, आम्हाला मागाहून कळलं, आणि आम्ही बघितले तेव्हा बहुधा कोरडे होते. तपासणीच्या दृष्टीनं हा फार मोठा फरक आहे. पहिल्या वाक्याचा पुरावा प्रत्यक्ष कोअर आहे, दुसऱ्याचा पुरावा दुसरं काहीतरी असायला हवं, आणि गिऱ्हाईक तो मागणार.

पण हेच 'हॅड बीन' एका ठिकाणी अगदी हवं असतं. १२ तारखेला बिघाड सापडला, पण तो सुरू केव्हा झाला? शिफ्टच्या वहीत ८ मार्चपासून कोअर वाळायला वेळ लागल्याची नोंद आहे, आणि त्याच दिवसाच्या लॉटपासून ब्लोहोल वाढलेत. तेव्हा 'वी फाउंड दॅट द थर्मोकपल हॅड बीन गिव्हिंग अ राँग रीडिंग सिन्स ८ मार्च' हेच बरोबर. 'सिन्स' आणि पुढे 'आयएनजी' असलेलं हे 'हॅड बीन' आधी सुरू होऊन सापडेपर्यंत चालू असलेली गोष्ट दाखवतं. कुठल्या तारखेपासूनचे लॉट बाजूला काढायचे हे याच वाक्यावरून ठरतं. इथं 'वॉज गिव्हिंग' लिहिलंत तर व्याकरण लंगडं पडेल आणि बिघाडाची सुरुवात किती जुनी हेही धूसर होईल.

घटना आणि स्थिती यांतला भेदही इथं उपयोगी पडतो. 'ओलं असणं', 'चालू असणं', 'माहीत असणं' या पसरलेल्या स्थिती. त्यांना 'सेड'च्या पोटात साधा भूतकाळ लावला की अर्थ 'त्याच वेळी' असा होतो, म्हणून आधीचं सांगायला सहसा 'हॅड' लागतं. 'बदललं', 'तुटलं', 'घडलं' या एका ठोक्यात संपणाऱ्या घटना. त्या बोलण्याच्या नेमक्या क्षणी घडल्या असं सहसा कुणी समजत नाही, आधीच घडल्या असं वाचणारा आपोआप धरतो. म्हणून 'ही सेड दॅट द सेम प्रॉब्लेम हॅपन्ड इन जॅन्युअरी' हे 'हॅड'शिवायही बरोबर आहे. 'हॅड हॅपन्ड' चूक नाही, पण महिना दिलेला असताना त्याची गरज नाही. तक्त्यानं शिकवलेलं 'भूतकाळाचा पूर्ण भूतकाळ करा' हे घटनांच्या बाबतीत बंधन नाही, सोय आहे. दोन घटनांतली आधी कुठली हे कळत नसेल तेव्हा ती सोय वापरावी.

आपल्या नमुन्यातल्या शेवटच्या वाक्यात, 'वी हॅड चेक्ड ऑल द कोअर्स ऑन १३ मार्च', 'सेड'ही नाही आणि 'दॅट'ही नाही. तिथं 'हॅड' आलं कुठून? मराठीतल्या 'तपासले होते'मधून. आपण 'काल गेलो होतो', 'परवा भेटला होता' असं सहज म्हणतो, आणि त्या 'होतो'ला दुसऱ्या कुठल्या भूतकाळी घटनेचा आधार लागत नाही. इंग्रजी 'हॅड'ला तो लागतो. 'हॅड चेक्ड' वाचलं की वाचणारा 'कशाच्या आधी?' असं विचारतो. उत्तर देणारी घटना जवळपास नसेल तर 'हॅड' काढून टाकावं: 'वी चेक्ड ऑल द कोअर्स ऑन १३ मार्च'.

'इज' ठेवायची मुभा कधी

इतकं झाल्यावर वाटेल की 'सेड'च्या पुढे 'इज' कधीच येत नाही. तसं नाही, आणि इथंच खरा विचार करावा लागतो.

'द सप्लायर टोल्ड अस दॅट थर्मोकपल्स ड्रिफ्ट विथ एज.' वय वाढलं की थर्मोकपलचं रीडिंग सरकतं, हे त्या दिवशीही खरं होतं आणि आजही आहे. इथं वर्तमानकाळ चालतो, आणि रिपोर्टमध्ये तोच शोभतो. 'ड्रिफ्टेड' लिहिलं तरी चूक नाही, पण मग ते सप्लायरचं म्हणणं म्हणून उरतं. 'ड्रिफ्ट' लिहिल्यावर लिहिणाराही त्यामागे उभा राहतो.

हे 'मागे उभं राहणं' फार महत्त्वाचं आहे. भूतकाळी क्रियापदाच्या पोटात वर्तमानकाळ ठेवला की इंग्रजी वाक्य एकदम दोन ठिकाणची ग्वाही देतं: ती गोष्ट तेव्हा खरी होती आणि आत्ता, हे वाचलं जातंय तेव्हाही खरी आहे. 'लास्ट इयर ही टोल्ड मी दॅट हिज डॉटर इज इन टेन्थ' हे वाक्य म्हणूनच विचित्र लागतं. मुलगी यंदा अकरावीत गेली असणार, त्यामुळे 'इज'ची दुसरी ग्वाही खोटी पडते. मराठीत 'गेल्या वर्षी म्हणाला की मुलगी दहावीत आहे' यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, कारण आपलं 'आहे' फक्त तेव्हाचीच ग्वाही देतं.

म्हणून माझा निकष असा. वर्तमानकाळ ठेवायच्या आधी लिहिणाऱ्यानं 'आज मी स्वतः याची खात्री देऊ शकते का?' असं स्वतःला विचारावं. थर्मोकपल वयानं बिघडतात याची खात्री देता येते. 'सप्लायर सेड दॅट द न्यू बॅच इज रेडी' याची देता येत नाही. त्यानं सोमवारी सांगितलं, गुरुवारपर्यंत ती बॅच दुसऱ्याला गेलीही असेल. तिथं 'वॉज रेडी' लिहिणंच प्रामाणिक आहे. 'वॉज' लिहिल्यानं आता तयार नाही असं होत नाही. आत्ताबद्दल 'वॉज' काहीच बोलत नाही, एवढंच. हे लक्षात आलं की 'वॉज लिहिलं तर बॅच संपली असं वाटेल' ही नेहमीची भीती जाते. शंका असेल तिथं मागे सरकवलेला काळ केव्हाही सुरक्षित.

'विल'लाही हाच निकष. रिपोर्टच्या तारखेला ते काम खरंच पुढे असेल तर 'सेड दॅट ही विल व्हिजिट अस इन एप्रिल' चालतं. पण तोच रिपोर्ट मे महिन्यात ऑडिटला उघडला जाणार असेल तर 'वुड' बरं.

जिथं हा नियम लागतच नाही

'व्हू', 'विच' आणि 'दॅट'नं जोडलेली, नामाची माहिती देणारी वाक्यं या नियमाच्या बाहेर आहेत. नियम कळल्यावर काही मंडळी तीही मागे सरकवतात. 'वी स्पोक टु द ऑपरेटर व्हू रॅन द ओव्हन' असं लिहिलं की गिऱ्हाइकाला वाटतं तो ऑपरेटर आता ओव्हनवर नाही, बिघाडानंतर त्याला हलवला की काय. माणूस तिथंच काम करतोय, तेव्हा 'व्हू रन्स द ओव्हन'. 'स्पोक' भूतकाळी असलं तरी हरकत नाही, कारण 'रन्स' हे कुणाचं बोलणं नाही, तुमची आजची माहिती आहे. अशा वाक्याचा काळ स्वतःच्या पायावर उभा असतो. 'बिकॉज'च्या वाक्याचंही तसंच: 'वी चेंज्ड द स्टोरेज एरिया बिकॉज द कोटिंग अ‍ॅब्झॉर्ब्ज मॉइश्चर' यात दोन वेगळे काळ सुखानं नांदतात.

ओळखायची सोपी खूण अशी की मराठीत ते वाक्य 'की'नं जोडलं जातं की 'जो', 'जी', 'जे'नं. 'की' असेल तर काळ मागे सरकवायचा विचार करावा. 'जो' असेल तर जे आज खरं आहे ते लिहावं.

आता तोच परिच्छेद दुरुस्त करून:

'ऑन १२ मार्च द ऑपरेटर व्हू रन्स द ओव्हन टोल्ड अस दॅट इट वॉज टेकिंग लाँगर टु ड्राय द कोअर्स. वी फाउंड दॅट द थर्मोकपल हॅड बीन गिव्हिंग अ राँग रीडिंग सिन्स ८ मार्च. द सुपरवायझर सेड दॅट ही वुड रिप्लेस इट व्हेन द न्यू वन अराइव्ह्ड. वी चेक्ड ऑल द कोअर्स ऑन १३ मार्च. द थर्मोकपल वॉज रिप्लेस्ड ऑन १४ मार्च. द सप्लायर टोल्ड अस दॅट थर्मोकपल्स ड्रिफ्ट विथ एज.'

शब्द जवळजवळ तेच आहेत. पण आता वाचणाऱ्याला बिघाडाची सुरुवात, शोध आणि शेवट या तिन्ही तारखा कळतात, आणि 'स्टिल' घालून प्रश्न विचारायला जागा राहत नाही.

तरी ती परत का येते

सगळं समजूनही महिन्याभरानं 'सेड दॅट इट इज' पुन्हा दिसतं, त्याचं एक साधं कारण मला बऱ्याच कारखान्यांत सापडलं. रिपोर्ट कोऱ्या पानावर लिहिला जात नाही. शिफ्ट चालू असताना ग्रुपवर मेसेज पडलेला असतो: 'ऑपरेटर सेज द ओव्हन इज टेकिंग लाँगर, सुपरवायझर सेज ही विल रिप्लेस द थर्मोकपल.' हा मेसेज शुद्ध आहे. 'सेज' वर्तमानकाळी आहे, म्हणून पोटातले 'इज' आणि 'विल'ही जागेवर आहेत. आठवड्यानं तो मजकूर जसाच्या तसा रिपोर्टात चिकटवतात, आणि 'सेज' तेवढं जुनं दिसतं म्हणून 'सेड' करतात. प्रधानवाक्य मागे गेलं, गौणवाक्य तिथंच राहिलं.

म्हणून रिपोर्ट पाठवायच्या आधी Ctrl+F दाबून 'सेड', 'टोल्ड', 'फाउंड', 'इन्फॉर्म्ड', 'कन्फर्म्ड' आणि 'आस्क्ड' हे शब्द एकेक करून शोधावेत. प्रत्येकाच्या पुढचं क्रियापद बघावं, वाक्य 'की' घालून मराठीत म्हणावं, आणि वर्तमानकाळ सापडला तर आजच्या तारखेला त्याची खात्री देता येते का ते ठरवावं. 'टुडे', 'नाऊ' आणि 'टुमॉरो' हेही त्याच फेरीत शोधावेत, कारण मेसेजमधून तेही सोबत आलेले असतात. 'सेड दॅट ही वुड कम टुमॉरो' यातला उद्या कुठला हे २० तारखेला कुणालाच कळणार नाही. तिथं 'द नेक्स्ट डे' घालता येतं, पण रिपोर्टात सरळ 'ऑन १३ मार्च' लिहावं.